पडद्यावरची माझी रेघ

आमचे अप्पा जालन्यात डिप्लोमाच्या पोरांना तासिका तत्त्वावर शिकवायचे. कार्यशाळेच्या उद्घाटनाचं भाषण जमलं, तरच त्यांना पुढच्या वर्षी ठेवणार होते. त्यात दाखवायच्या प्रयोगासाठी मी, दहावीतली, पंधरा दिवस एका सुरात शिट्टी मारायला शिकले. एकदम फर्स्टक्लास!

पण ऐन वेळी प्राचार्य म्हणाले, "पाहुण्यांसमोर पोरगी शिट्टी मारणार? बिलकुल न्हाई." अप्पांनी मला मागे पाठवलं. मी शेवटच्या रांगेत.

माईक घूं घूं करत होता. पडद्यावर त्याची वेडीवाकडी लाट दिसत होती. "यात दुसरा आवाज मिसळला, तर लाटेवरून वेगळा ओळखता येईल का?" असं विचारून अप्पांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. लाटेच्या जागी डाव्या टोकाला एक उंच रेघ उभी राहिली. "ही विजेची घरघर, सेकंदाला पन्नास कंपनं. दुसऱ्या आवाजाची रेघ वेगळ्या जागी येईल. नको ती काढून टाकता येते. म्हणून फ्रिक्वेन्सी, म्हणजे ही कंपनसंख्या, शिकायची."

"मंग दाखवा की सर दुसरी!" एक पोरगा ओरडला.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला राहवलं नाही. उभी राहून जोरात शिट्टी मारली. दूर उजवीकडे दुसरी रेघ उगवली!

तेवढ्यात सगळ्या पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. टाळीत सगळ्याच फ्रिक्वेन्सी असतात. पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून गेला, माझी रेघ त्यात बुडाली. अप्पा "थांबा, थांबा" म्हणत राहिले, पण कुणाला ऐकूच गेलं नाही. शिट्टी ऐकताच प्राचार्य पाहुण्यांना घेऊन चहाला निघून गेले होते.