कार्डाला हात लावायचा नाही

कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत असताना कार्ड ओढायचं नाही, हे बापूला बाराखडीसारखं पाठ होतं. तरी त्याने ते ओढलंच. त्याचं म्हणणं असं की कॅमेरा फुटला तर दुसरा मिळतो, फोटो मिळत नाहीत. म्हणून कुठेही गडबड दिसली की तो आधी कार्ड काढून शर्टाच्या खिशात टाकायचा. सवय चांगली, वेळ तेवढी चुकली.

गडबड झाली ती नर्सबाईंच्या घरी. उभी हयात दवाखान्यात घालवलेल्या या बाईंचा ऐंशीवा वाढदिवस होता, आणि बापाच्या गॅरेजवरून एकमेकांचं तोंड न बघणारे तिन्ही मुलगे त्यांनी एका खोलीत गोळा केले होते. कसे, ते त्यांनाच ठाऊक. मुलगे आईच्या मागे उभे राहिले, बापूने पाठोपाठ पाचसहा फोटो घेतले, आणि शेवटचा टिपून होतो न होतो तोच थोरल्याने गॅरेजच्या किल्लीचा विषय काढला. मधल्याने बाजूची रिकामी खुर्ची लाथाडली. धाकटा निघाला तो थेट रस्त्यावर. फोटो अजून कार्डावर उतरत होते आणि बापूने कॅमेऱ्याचं झाकण उघडून कार्ड उपसलं.

परत घातलं तेव्हा पडद्यावर अक्षरं आली: कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करा. खाली ‘हो’ आणि ‘नाही’.

स्टुडिओत ताईने हे ऐकलं तेव्हा तिने हातातला कॅमेरा आधी बंद केला आणि मग भावाकडे पाहिलं. स्टुडिओ दोघांचा. पण बापू बाहेरचं बघायचा आणि ताई आतलं, त्यामुळे बाहेरच्यांना वाटे की मालक बापूच. ताईला याची चीड होती आणि ती लपवायची तिला कधी गरज वाटली नाही.

बापू म्हणाला, फॉरमॅट करून टाकू, कार्ड ठणठणीत होईल.

“कार्ड होईल रे. फोटोंचं काय?” ताई म्हणाली. “ते यंत्र त्याच्या सोयीचं विचारतंय. आपण का ऐकायचं?”

मग तिने कार्ड काढून उजेडात धरलं. कडेची, लिहिणं रोखणाऱ्या कुलपाची बारीक पट्टी जागेवर होती. कार्डामागचे पिवळे पत्रे तिने कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसले. पाणी नाही, स्पिरिट नाही, फुंकरसुद्धा नाही, कारण फुंकरीत थुंकी असते. कार्ड दुसऱ्या कॅमेऱ्यात घातलं. तोही तेच म्हणाला. दुकानातला कार्ड वाचायचा रीडर जुना, मोठ्या कार्डांना न ओळखणारा, म्हणून तिने समोरच्या झेरॉक्सवाल्याचा नवा मागून आणला. संगणकाने कार्ड ओळखलं, आणि लगेच तोही विचारू लागला की फॉरमॅट करू का. ताईने ‘रद्द करा’ दाबलं. इतक्या जोरात दाबलं की बापू दचकला.

निदान संगणकालाच कार्ड दुरुस्त करायला सांगू, असं बापूने सुचवलं. ताईने मान हलवली. दुरुस्तीच्या नावाखाली ते कार्डावर लिहिणार, आणि लिहिलं की खालचं पुसलं जाणार. कार्डावर आता कुणी एक अक्षर लिहायचं नाही, एक फोटो काढायचा नाही.

एवढ्यात थोरला दुकानात आला. त्याला बापूनेच फोनवर सांगितलं होतं, आणि तो बराच खुशीत दिसत होता. जाऊ दे म्हणाला, आम्ही तिघं वेगवेगळे येऊन फोटो काढून जातो, तुम्ही संगणकावर आईच्या मागे चिकटवा, तिला काय कळतंय. बापूचा चेहरा खुलला. काम सोपं होतं, आणि त्याची चूकही त्यात झाकली जात होती.

ताईने स्पीकरवर नर्सबाईंना फोन लावला आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं, भावाची चूकही आणि थोरल्याची युक्तीही. बापू दोन्ही हातांनी नको नको करत होता. मग बाई म्हणाल्या, “चिकटवलेली मुलं मला नकोत. मिळाले तर खरे द्या, नाहीतर भिंत रिकामी राहू दे.”

“ऐकलंत?” ताईने थोरल्याला विचारलं. “तुमच्या आईला सगळं कळतं. आता बसायचं तर बसा, नाहीतर वाट मोकळी करा.”

तो बसला. बहुधा दुसऱ्या दोघांना बोलवायला बसला असावा, कारण थोड्या वेळाने मधला आला, आणि मग धाकटाही, आणि तिघं तीन भिंतींना टेकून उभे राहिले. गिऱ्हाइकांना आत यायला जागा उरली नाही. ताईने त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

तिने आधी अख्ख्या कार्डाची, दिसतंय ते आणि दिसत नाही तेसुद्धा, जशीच्या तशी नक्कल वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतली. हे काम कंटाळवाणं. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकते. मधेच अडकली असती तर काम तिथेच थांबवून कार्ड डेटा काढणाऱ्या माणसाकडे पाठवावं लागलं असतं, हे तिने बापूला सांगितलं. पट्टी अडकली नाही. मग कार्ड तिने डबीत ठेवून दिलं आणि हरवलेले फोटो शोधणारा प्रोग्रॅम त्या नकलेवर सोडला. सापडेल ते तिसरीकडे ठेवायचं, नकलेवरही नाही.

शेवटी बापू खाली मान घालून म्हणाला, “माझंच चुकलं, ताई.”

“चुकलंच. पण तू ‘हो’ दाबलं नाहीस,” ती म्हणाली. “दाबलं असतंस तरी मी शोधलंच असतं, फक्त आणखी शिव्या देत.”

फोटो वर यायला लागले. केक आला, पाहुणे आले, नातवंडं आली. आणि मग ती रांगेतली पोज. पहिल्या फोटोत अर्धी आई दिसत होती आणि खाली सगळं राखाडी. दुसऱ्यात नुसती डोकी. बाकीचे उघडलेच नाहीत. दिवा लुकलुकत होता तेव्हा कार्डावर उतरत होते ते नेमके हेच. थोरला भिंतीपासून सुटला आणि म्हणाला की झालं, नाही मिळाले.

ताई मात्र फोटोंत मागे मागे जात राहिली. पोज देण्याआधी बापूने उजेड तपासायला एक फोटो घेतला होता. तो धडधाकट होता. त्यात कुणी कॅमेऱ्याकडे बघत नव्हतं. मधला धाकट्याची कॉलर दोन्ही हातांनी सरळ करत होता, धाकटा हनुवटी वर करून निमूट उभा होता, आणि थोरला मधल्याच्या पाठीवरचा सुटलेला दोरा दातांनी तोडत होता. आई खुर्चीत मान वळवून त्यांच्याकडे बघत होती.

मधल्याने डोळे चोळले. थोरला म्हणाला की हा नको, हा नीट नाही, लोक काय म्हणतील.

ताईने तो फोटो नर्सबाईंच्या मोबाइलवर पाठवला आणि फोन स्पीकरवर टाकला. बाईंना उघडायला वेळ लागला. थोरल्याने तेवढ्यात पुन्हा सांगून पाहिलं, आई, पोज बिघडली गं, आपण नीट काढू.

“नीट उभे राहिलात ते मी डोळे वटारले म्हणून,” नर्सबाई म्हणाल्या. “ही कॉलर नि हा दोरा, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?”

थोरला परत भिंतीला टेकला.

“ताई, मोठा करा,” बाई म्हणाल्या. “दारासमोरच्या भिंतीवर मावेल तेवढा मोठा. आणि माझी तीन पोरं समोरच असतील, तर फ्रेम घेऊन यायला तिघांनाही लावा. एकट्याला उचलणार नाही इतकी जड करा.”