थेंबांना कोण औषध म्हणतं?

आत्याला पेसमेकर बसवायचं डॉक्टरांनी ठरवलं होतं आणि तो बसवून घ्यायचा नाही असं आत्याने. हट्टात कोणीच कमी नव्हतं. फरक एवढाच, की डॉक्टरांच्या बाजूने मॉनिटर साक्ष देत होता. आत्याच्या नाडीचा आकडा चाळिशीच्या खाली रेंगाळत होता.

शनिवारी संध्याकाळी ती स्वतःच्या लॉन्ड्रीत, इस्त्रीच्या टेबलाशी चक्कर येऊन पडली. दुकान तिने एकटीने उभं केलेलं. पावती नसेल तर गिऱ्हाइकाला त्याचा रुमालही परत मिळत नसे. भाच्याने तिला दाखल केलं आणि मोबाइलमधले चिठ्ठ्यांचे फोटो दाखवले: हृदयाचे डॉक्टर, थायरॉइडचे डॉक्टर, गुडघ्यांचे डॉक्टर. शिकाऊ डॉक्टरने विचारलं, "गोळ्या कुठल्या घेता?" आत्याने एकूण एक गोळी सांगितली. त्यातली नाडी मंद करणारी हृदयाची गोळी लगेच बंद झाली. तरी सोमवार उजाडला, नाडी काही उठेना.

"आत्या, सही कर ना," भाचा संमतीचा कागद पुढे करत म्हणाला. "छोटंसं ऑपरेशन आहे म्हणतात."

"साडीवरचा डागसुद्धा तो कशाचा आहे हे बघितल्याशिवाय मी काढत नाही. आणि हे माझ्या छातीला हात घालणार?"

"तुझ्याशी बोलायचं म्हणजे दगडावर डोकं आपटणं!"

"आपट. दवाखान्यातच आहेस."

तेवढ्यात वॉर्डची फार्मासिस्ट फॉर्म घेऊन आली. दाखल होणाऱ्या प्रत्येकाची घरची औषधं पडताळायची, कोणी दिली, किती, शेवटची कधी घेतली ते लिहायचं आणि 'चालू', 'बंद' की 'बदल' यावर डॉक्टरांची सही घ्यायची, हे तिचं काम. शनिवार-रविवार तिला सुट्टी, त्यामुळे शिकाऊ डॉक्टरने भरलेला फॉर्म तसाच पडून होता.

"आजी, पुन्हा एकदा सगळं विचारते हं."

"आजी कोणाची? मी लग्नच केलं नाही. बाई म्हण."

"बरं बाई. गोळ्या झाल्या. इंजेक्शन? मलम? श्वासाचा पंप? झाडपाल्याचं काही?"

"नाही, नाही, नाही आणि नाही. जरा थांब, माझ्या डोळ्यांची वेळ झाली."

आत्याने उशीखालून इवलीशी बाटली काढली, मान मागे टाकली आणि दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब सोडला. फार्मासिस्टचं पेन हवेतच राहिलं.

"हे काय?"

"काचबिंदूचे थेंब. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वी दिलेत."

"आणि चक्कर कधीपासून येतेय?"

आत्याने बोटांवर आठवडे मोजले. "साधारण तेव्हापासूनच."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?" भाचा ओरडला.

"गोळ्या विचारल्या, गोळ्या सांगितल्या! थेंबांना कोण औषध म्हणतं?"

फार्मासिस्टने बाटलीवरचं नाव वाचलं. औषध हृदयाच्या गोळीच्याच जातीचं होतं. डोळ्यात घातलेला थेंब नाकावाटे रक्तात उतरतो, हृदयापर्यंत पोचतो, आणि दोन्ही मिळून नाडी पार खाली ओढू शकतात, असं तिने सांगितलं. गोळी बंद झाली होती. थेंब सकाळ-संध्याकाळ चालूच होते.

हृदयाचे डॉक्टर आले, त्यांनी बाटली निरखून पाहिली. "असू शकतं. पण मुळात हृदयाची वायरिंगच थकली असेल, तर थेंब फक्त निमित्त. थिएटर तयार आहे. उगाच धोका कशाला?"

"थेंब बंद करून बघा," आत्या म्हणाली. "नाडी तरीही उठली नाही, तर मशीन तुमचं आणि सही माझी. तोवर पेनाला हात लावणार नाही."

"आणि मधेच चक्कर आली तर?"

"पलंगावरच आहे ना? आडवा माणूस आणखी कुठे पडणार?"

भाच्याने कपाळाला हात लावला. डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांनी थिएटरला फोन करून जागा दुसऱ्याला दिली. डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून नाडीला न छळणारे थेंब ठरवले, कारण डोळ्यांतला दाब वाढू देऊन चालणार नव्हतं. गरज पडलीच तर बाहेरून नाडी चालवायचं यंत्र उशाशी आणून ठेवलं. मग फॉर्मवर थेंबांची नवी ओळ लिहून तिच्यापुढे 'बदल' अशी सही केली. "पलंगावरून उतरायचं नाही," त्यांनी दम दिला.

मंगळवारी आकडा ढिम्म होता. भाचा तोंड पाडून बसला. आत्याचीही रात्र बरी गेली नाही, पण ते तिने मॉनिटरलाही कळू दिलं नाही. बुधवारी आकडा पन्नाशी ओलांडून गेला, आणि गुरुवारी चालवून पाहिलं तेव्हाही साठीच्या वरच राहिला.

"तूर्त पेसमेकर नको," डॉक्टर म्हणाले. "तपासणीला मात्र यायचं. आणि पुढच्या वेळी सगळं सांगत चला."

"पुढच्या वेळी सगळं विचारत चला," आत्या म्हणाली. "आता त्या फॉर्मच्या प्रती काढा. एक मला, एक डोळेवाल्यांना. तुम्ही दोघं एरवी एकमेकांशी बोलत नाही, तर निदान वाचा तरी!"

आणि प्रती हातात येईपर्यंत ती पलंग सोडून उठली नाही.