तीस इंच

सुताराच्या दुकानात एकच नियम पिढीजात चालत आला होता. टेबल म्हणजे तीस इंच. जेवायचं असो, लिहायचं असो, शिवणाचं असो, जमिनीपासून वरच्या फळीपर्यंत तीस इंच. एखादं गिऱ्हाईक जरा कमी करा म्हणालंच तर तो हातातला रंधा न थांबवता म्हणायचा, "टेबल वाकत नाही. माणूस वाकतो. त्यालाच जुळवून घ्यायला सांगा."

धाकट्या मुलीला गेम खेळणाऱ्या संघात घेतलं, तेव्हा आधी त्याने डोक्याला हात लावला. मोठीने लग्न केलं, नोकरी धरली, आणि ही दिवसभर स्क्रीनसमोर बसून माणसं मारणार. पण शेजारचे लोक येऊन तिचं अभिनंदन करायला लागले, तसा त्याचाही सूर बदलला. पोरगी खेळणार असेल तर बापाच्या हातच्या टेबलावर खेळेल, असं त्याने जाहीर केलं आणि महिनाभर दुसरं काम घेतलं नाही.

टेबल झालं मात्र देखणं. सागाची जाड फळी, कडा अशा धारदार की बोट फिरवलं तर रेघ उमटावी. काटकोनात कड काढणं हीच सुताराची सही, असं तो म्हणायचा. फळीखाली हातभर रुंद खोल ड्रॉवर, मागे वर स्क्रीन ठेवायला वेगळी फळी, म्हणजे स्क्रीन कशी देवासारखी उंचावर दिसली पाहिजे. धाकटी त्याच्या खांद्यालाही लागत नव्हती. टेबल बघून तिने त्याला मिठी मारली. त्याने तिला त्यावर बसवून फोटो काढला आणि दुकानाच्या दारावर लावला. तो फोटो बघून आणखी पाच जणांनी तसंच टेबल मागितलं.

वर्ष झालं असेल. आधी तिची मान धरायला लागली. मग उजव्या मनगटात कळ यायला लागली, मग बोटांना मुंग्या. भाकरीचं पीठ मळताना हात झटकायची. डॉक्टरांनी पट्टा दिला, काही आठवडे पूर्ण विश्रांती सांगितली आणि विचारलं की ती कुठे, कशी बसते. उत्तर सुतारानेच दिलं. खास बनवलेलं टेबल आहे, तिथे काही कमी नाही, हा सगळा त्या खेळाचा परिणाम. डॉक्टरांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी जमिनीकडे पाहत राहिली.

घरी आल्यावर ती म्हणाली की संघ सोडते. मोठ्या स्पर्धेची नावं दोन दिवसांत जाणार होती, आपलं नाव देऊ नका म्हणून सांगते. संघाच्या सरावाच्या खोलीत जागा मिळावी म्हणून ती किती दिवस झटली होती ते घरात सगळ्यांना माहीत होतं. सुताराला वाईट वाटलं, पण आत कुठेतरी बरंही वाटलं. त्याचंच म्हणणं खरं ठरलं होतं. तिने कळवण्याआधी तो स्वतः संघाच्या खोलीवर गेला. पोरीचा हात वाया घालवलात, हे कोणाच्या तरी तोंडावर म्हणायचं होतं त्याला.

खोली एका छापखान्याच्या वर होती. आत पाच टेबलं एका रांगेत, आणि त्याला पहिली गोष्ट खटकली ती ही की रांग सरळ नव्हती. एक टेबल उंच, शेजारचं खाली, त्याच्या पलीकडचं दोघांच्या मधलं. एवढा खर्च केला आणि सुताराला बोलवायची अक्कल नाही, असं त्याच्या मनात आलं. संघाची प्रशिक्षक तिशीतली बाई होती. स्वतः पूर्वी खेळायची. तिने त्याला "काका, बसा" म्हणत खुर्ची दिली आणि त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. तोही काही राखून बोलला नाही. मुलांची आयुष्यं, डोळे, हात, झोप, सगळं काढलं.

बाई शांतपणे म्हणाली की तिलाही एक कोडं पडलंय. धाकटी इथे सलग सराव करते तेव्हा हात बरा असतो. सुट्टीत घरी खेळून परत आली की दुखतो. "घरी कशावर बसते, काका?"

"माझ्या हातचं टेबल आहे," सुतार म्हणाला, आणि फोनवरचा फोटो काढून तिच्यापुढे धरला.

तिने फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. पलीकडे बसलेला एक उंच पोरगा मान वळवून डोकावला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "हेच का ते?" शेजारच्या मुलीने त्याला पायाने ढोसलं. दोघंही घाईने आपापल्या स्क्रीनकडे वळले.

सुताराच्या कानाची पाळी गरम झाली. हेच का ते म्हणजे काय, हे त्याने विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. या खोलीत त्याच्या टेबलाची चर्चा झाली होती, आणि कौतुकाची नव्हती.

बाईने त्याला लाजवलं नाही. धाकटीच्या जागेवर नेलं आणि खुर्चीत बसायला सांगितलं. तो बसला तर गुडघे पोटाशी आले. "ही खुर्ची तिच्या पायांना लावलीय," ती म्हणाली. "आधी पाय. तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. मग हात." तिने खुर्ची वर घेतली, त्याचे पाय नीट टेकले. खांदे सैल सोडायला लावले, कोपरं अंगाशी, हात पुढे. टेबलाची फळी कोपराच्या खाली कुठेतरी राहिली होती. तिने कडेचं हँडल फिरवलं आणि फळी वर येत कोपराच्या रेषेत थांबली. मनगट आपोआप सरळ पडलं. मग स्क्रीन. तिची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, आणि हात लांब केला तर बोटं लागतील एवढ्या अंतरावर.

"प्रत्येकाचं वेगळं," ती म्हणाली. "म्हणून रांग वाकडी दिसते."

त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. लाकडातला माणूस होता, मापं त्याच्या डोक्यात आपोआप बसत गेली. धाकटीचे पाय टेकतील अशी खुर्ची ठेवली तर तीस इंचांची फळी तिच्या छातीपाशी येते. मग खांदे उचलायचे, मनगट मागे मुडपायचं आणि त्या धारदार कडेवर टेकायचं. खुर्ची उंच केली तर पाय लोंबतात, आणि मांड्या त्याच्या खोल ड्रॉवरला अडतात. म्हणून लांब बसायचं, पुढे वाकायचं. आणि तसं वाकून हनुवटी वर करून त्या देवासारख्या स्क्रीनकडे बघायचं. त्याने ज्या ज्या गोष्टीवर जीव ओतला होता, ती प्रत्येक गोष्ट पोरीच्या अंगावर कुठे ना कुठे आली होती.

"तिने सांगितलं नाही मला," तो म्हणाला.

"आम्हालाही बोलू नका म्हणाली होती." बाई खुर्ची परत खाली घेत होती, त्याच्याकडे बघत नव्हती. "बाबांनी महिनाभर दुसरं काम न घेता बनवलंय, म्हणाली."

बाई धाकटीचं नाव राखीव खेळाडूंत ठेवायला तयार होती. पण धाकटीने स्वतः येऊन सांगितलं पाहिजे, आणि हात बरा झाल्याशिवाय खेळायचं नाही. सुतार हो म्हणाला. जिना उतरताना त्याला वाटलं, छापखान्यातली माणसंसुद्धा आपल्याकडेच बघतायत.

घरी त्याची बायको शिवणाच्या मशीनवर बसली होती. ती आजूबाजूच्यांचे कपडे शिवते. त्याने सांगितलं की धाकटीचं टेबल जरा उंच झालंय, कापावं म्हणतो. बायकोने पाय थांबवले.

"मी रुमाल सोडून काहीही शिवायचं तर आधी माप घेते," ती म्हणाली. "तुम्ही पोरीचं घेतलं होतं का हो?"

"टेबलाचं माप ठरलेलं असतं."

"मग टेबलालाच खेळायला बसवायचं होतं."

त्याने मुकाट्याने करवत काढली. धाकटीला खुर्चीत बसवलं, पाय टेकवले, कोपराखाली टेप धरली. पंचवीस इंच. त्याने पाय कापले, ड्रॉवर काढला, स्क्रीनची वरची फळी उतरवली, आणि ज्या कडेला तो सही म्हणायचा ती रंध्याने गोल केली. धाकटी म्हणत राहिली की बाबा राहू द्या, एवढं काही नाही, चांगलंच आहे. तो म्हणत राहिला की लाकूड जरा फुगलं होतं. लाकूड पाच इंच फुगत नाही हे दोघांनाही माहीत होतं. चूक झाली हे दोन शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत. दारावरचा फोटो मात्र त्याने काढून टाकला.

स्पर्धेच्या दिवशी धाकटी राखीवच होती. मनगटाला पट्टा बांधून ती प्रेक्षकांत पहिल्या रांगेत बापाशेजारी बसली. तिच्या खुर्चीत दुसरी मुलगी खेळत होती. खेळणारी चुकली की धाकटीची बोटं पट्ट्याखाली हलायची आणि ती मुठीत आवळून घ्यायची. सुतार खेळाकडे बघतच नव्हता. त्याला ती मूठ दिसत होती.

मधल्या सुट्टीत मागच्या रांगेतला एक गृहस्थ पुढे वाकला. त्याने आपला मुलगाही खेळतो म्हणून सांगितलं, सुताराच्या दुकानाचं नाव ऐकून होता. पूर्वी दुकानाच्या दारावर पाहिलेल्या फोटोतलं ते टेबल हवं होतं, अगदी तस्संच, ड्रॉवरसकट. "मुलगी त्यावर बघा कशी शोभून दिसत होती. त्यावरच सराव करून इथपर्यंत आली ना?"

धाकटीने पटकन तोंड फिरवून हसल्यासारखं केलं. "हो, बाबांनीच केलंय," ती म्हणाली. त्याला वाचवत होती. वर्षभर हेच करत आली होती ती. हात दुखत असताना, डॉक्टरांसमोर, जागा सोडतानाही.

सुतार मागे वळला. आजूबाजूला संघाची पोरं होती, ती प्रशिक्षक बाई होती, चार ओळखीची माणसं होती. हो म्हणून सुटता आलं असतं.

"ते टेबल चुकीचं होतं," तो म्हणाला. "माप न घेता बनवलं मी. त्यावर बसूनच हिचा हात गेला. हिचा दोष नाही, खेळाचाही नाही."

गृहस्थाने मग बघू म्हणत अंग मागे घेतलं. आता काही तो ऑर्डर देणार नव्हता. उंच पोरगा बुटाची नाडी बांधत बसला. आणखी पाच घरांत तसली टेबलं आहेत आणि त्या पाचही दारांत जाऊन हेच बोलायचं आहे, हे सुताराला आत्ता पहिल्यांदा नीट उमगलं. पहिलं घर सोसायटीच्या सेक्रेटरीचं होतं. ते पाहुण्यांना टेबल दाखवतात.

धाकटी खाली बघत होती. कान लाल झाले होते तिचे, बापासारखेच. ती हळूच म्हणाली, "एवढं सगळ्यांसमोर कशाला, बाबा?"

"तुला सगळ्यांसमोर बसवलं होतं ना त्यावर," तो म्हणाला.

सुट्टी संपल्याची सूचना झाली, पोरं आपल्या वाकड्या रांगेत जाऊन बसली आणि पाय टेकवून खांदे सैल करायला लागली. त्यांच्याकडे बघता बघता धाकटीनेही खांदे सोडले.