कोठडीतले एकशे तेवीस

सुभान सरांना निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण लाल पेन काही त्यांच्या खिशातून निवृत्त झालं नव्हतं. मांडवगणच्या हायस्कुलात एकतीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस. वर्तमानपत्र वाचतानासुद्धा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर गोल करत बसायचा. त्यांची बायको सुगराबी म्हणायची, लग्नाची पत्रिका आली तरी हे आधी मार्क देतील, मग लग्नाला जातील.

नात शिरीन आठवीत होती. सहामाही आठवड्यावर आलेली. दुपारी ओट्यावर बाजेवर बसून सर तिची वही तपासत होते. प्रश्न होता, 'सिराजउद्दौल्याने कलकत्त्यावर स्वारी का केली? कोणतीही चार कारणे लिहा. गुण चार.' पोरीनं टापटीप मुद्दे मांडले होते. इंग्रजांनी नवाबाची परवानगी न घेता किल्ल्याची तटबंदी वाढवली. जकातमाफीचे दस्तक, म्हणजे परवाने, कंपनीला दिलेले, पण ते तिच्या नोकरांनी खासगी व्यापाराला वापरले. नवाबाचा गुन्हेगार कृष्णदास याला कलकत्त्यात आसरा दिला. नवाबानं बजावलं तरी ऐकलं नाही.

सर दोनदा वाचून गेले आणि त्यांनी समासात लिहिलं, 'अंधारकोठडी?' चारपैकी तीन दिले.

"आबा, ते काय असतं?" शिरीन म्हणाली.

सर तिच्याकडे बघतच राहिले. त्यांच्या नातीनं, त्यांच्या घरात, हे विचारावं! मांडवगणात पंचविशीपासून पन्नाशीपर्यंतचा कुठलाही गडी धरा आणि विचारा, तो झोपेतून उठून सांगेल. अठरा फूट लांब, पंधरा फूट रुंद खोली, कलकत्ता पडल्यावर नवाबाच्या शिपायांनी त्यात एकशे शेहेचाळीस इंग्रज कोंडले, सकाळी तेवीस जिवंत निघाले, एकशे तेवीस गुदमरून मेले. सुभान सरांचा तो धडाच तसा असायचा. वर्गात खडूनं चौकोन आखायचा, त्यात पोरं कोंबायची, आणि मग आवाज खाली नेत नेत ती जूनची रात्र सांगायची. पोरी डोळे पुसायच्या. बाजारात भेटलेले बापई गडी अजून हसून म्हणायचे, सर, तुमची कोठडी काय विसरत न्हाई.

सरांनी तिलाही ते थोडक्यात सांगितलं आणि म्हणाले, "पुस्तक आण."

पुस्तक नवं होतं, त्याच वर्षी बदललेलं. सरांनी प्लासीचा धडा काढला. त्यांच्या काळी ही पानं आठ होती, आता अडीच. कोठडी कुठंच नव्हती. चौकटीत नाही, स्वाध्यायात नाही, चित्राखाली नाही. आणि प्रश्नसुद्धा उलटा झालेला. सरांच्या काळी प्रश्न असायचा, 'प्लासीच्या लढाईची कारणे सांगा', आठ गुण, त्यातले दोन नुसते कोठडीला. म्हणजे इंग्रज का चिडले ते सांगायचं. आता विचारत होते, नवाब का चिडला.

एखाद्याला वाटेल, पुस्तकं बदलतात, त्यात एवढं काय. पण सरांनी ती अडीच पानं तीनदा उलटली, आणि त्याचं कारण त्यांना एकट्याला ठाऊक होतं. म्हणूनच ते आवाज चढवून बोलले.

"पुस्तकवाले विसरले असतील. तू लिही. पहिलाच मुद्दा हा टाक, तपासणारा खूश होतो."

"पण आबा," शिरीन बोट पुस्तकावर ठेवून म्हणाली, "कोठडी तर कलकत्ता घेतल्यावर झाली म्हणता. मग ती स्वारीचं कारण कशी?"

एकतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. विचारणार कसं, प्रश्नच तसा कधी आला नव्हता. सर म्हणाले, "मला शिकवू नकोस." आणि बाजेवरून उठून पाणी प्यायला आत गेले. चूक झाली की पाणी प्यायला जायची त्यांची सवय घरात सगळ्यांना माहीत होती, फक्त त्यांना नव्हती.

शिरीननं आज्ञा पाळली. गुणी पोरीची हीच तर खोड असते. सहामाहीत तोच प्रश्न आला आणि चारच कारणं मागितली होती, म्हणून तिनं कोठडी पहिली घातली आणि कृष्णदास गाळला. पेपर हातात आला तो त्या प्रश्नाला चारपैकी तीन घेऊन. पहिल्या मुद्द्याखाली लाल शाईत लिहिलं होतं, 'ही घटना स्वारीनंतरची. शिवाय आकड्याला पुरावा काय?'

तपासणारा जालिंदर होता. सरांचाच विद्यार्थी, आता त्यांच्याच खुर्चीत बसणारा. एका मार्कासाठी भांडायला निघालेला मास्तर तुम्ही पाहिला नसेल तर सुभान सरांना त्या सकाळी पाहायला हवं होतं. टोपी, छत्री, आणि हातात नातीचा पेपर गुंडाळून धरलेला.

शिक्षकांच्या खोलीत जालिंदर एकटाच होता. सरांना बघून उठला, खुर्ची दिली, चहा सांगितला. सरांनी चहाला हात लावला नाही.

"जालिंदर, कोठडी मी तुला शिकवली. तेव्हा पुरावा मागितला नाहीस."

"तवा मला पुरावा म्हंजी काय तेच ठाऊक नव्हतं, सर." जालिंदर हसला, पण जरा जपून. "नवं पुस्तक आलं तवा तालुक्याला तीन दिवस प्रशिक्षण होतं. तिथं सांगितलं, की ही सगळी गोष्ट हॉलवेल नावाच्या एकट्या साहेबानं लिहिली. तो स्वतः कोठडीत होता म्हणतो. त्यानं आकडे फुगवले. पुढच्या लोकांनी हिशोब केला तर आत साठ-पासष्टच असावेत. त्या खोलीत एकशे शेहेचाळीस मावत न्हाईत, सर. म्हंजी माणसं मेली, ते खरं. पण नवाबानं मुद्दाम मारली, ह्याला आधार न्हाई."

 जालिंदरनं कपाटाकडे बघत पुढचं सांगितलं, कारण सरांकडे बघून ते सांगता आलं नसतं.

"तुम्ही चौकोनात आम्हाला उभं केलंत तवा चव्वेचाळीस पोरांतच पाय ठेवायला जागा उरली न्हाई. आन् दाराशी पहारेकरी म्हणून तुम्ही अफताबला उभं केलंत. आठवतंय? नवाबाचा शिपाई. आम्ही आतून पाणी पाणी ओरडायचं आन् त्यानं न्हाई म्हणायचं."

"नाटक होतं ते."

"वर्गात नाटक होतं. त्या दिवसापासनं दहावीपर्यंत आम्ही त्याला कोठडीवाला म्हणायचो. नळावर पाणी पिऊ द्यायचो न्हाई. म्हणायचो, तू आम्हाला दिलंस का? मीच लई म्हणायचो, सर." जालिंदरनं चहाचा कप उगाच सरकवला. "मार्क वाढवायचा असंल तर वाढवतो."

"नको," सर म्हणाले. "बरोबर कापलाहेस."

परतीच्या वाटेवर त्यांना कुणी हाक मारली असती तरी ती ऐकू आली नसती. अफताब त्यांचा एकुलता एक मुलगा. दहावी नापास झाला, परत बसला नाही. मास्तरचा पोरगा असून पुस्तक हातात धरत नाही, म्हणून सरांनी त्याला चारचौघांत किती बोल लावले त्याची गणती नाही. आता तो कोरेगाव भीमाच्या एका कारखान्यात मशीनवर होता. पहिली पाळी करून संध्याकाळी पाचला घरी यायचा.

तो आला तेव्हा सर ओट्यावरच बसले होते. शिरीन शेजारी, पेपर मध्ये पडलेला. अफताबनं हातपाय धुतले, सुगराबीनं दिलेली भाकरी घेऊन उंबऱ्यात बसला. पेपर बघून म्हणाला, "काय, एक मार्क गेला म्हणून आबा रुसलं व्हय?"

"मीच घालवला तिचा," सर म्हणाले. मग शिरीनकडे वळले. तिच्याशी बोलणं सोपं होतं. "बेटा, तू विचारत होतीस ते बरोबर होतं. आकडाही खोटा होता."

"तुम्हाला आत्ता कळलं, आबा?"

इथं त्यांना हो म्हणता आलं असतं. पोरीनं मान डोलावली असती, सुगराबीनं चहा आणला असता, आणि विषय संपला असता.  आयुष्यभर दुसऱ्यांच्या उत्तरावर फुल्या मारलेल्या माणसाला स्वतःचं उत्तर लिहायला फार वेळ लागतो.

"नाही," ते म्हणाले. "तीस वर्षांपूर्वी कळलं. पुण्याला उन्हाळ्यात शिक्षकांचा वर्ग होता. तिथल्या प्राध्यापकांनी आम्हाला सगळं दाखवलं होतं. हॉलवेल, खोलीचं माप, सगळं."

"मग तुम्ही शिकवलं का?"

"पुस्तकात होतं. परीक्षेत दोन मार्क होते." सर थांबले. हे कारण अर्धंच होतं आणि ते त्यांना माहीत होतं. "पुस्तकात होतं ते मी साधं वाचून पुढं जाऊ शकलो असतो. चौकोन आखायला मला कुणी सांगितलं नव्हतं. पण माझं नाव सुभान. मी वर्गात म्हणालो असतो, की नवाबानं तसं मुद्दाम केलं नाही, तर दुसऱ्या दिवशी गावात झालं असतं, मास्तर आपल्या माणसाची बाजू घेतोय. मला भीती वाटायची. म्हणून मी ते सगळ्यांपेक्षा रंगवून सांगायचो. कुणाला शंकाच येऊ नये म्हणून. अफताबला दाराशी उभं केलं तेही त्याचसाठी. माझा पोरगा तिथं उभा आहे म्हटल्यावर कोण काय बोलणार होतं!"

शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी पहिल्यांदा मुलाकडे पाहिलं. अफताबचा घास हातातच राहिला होता. सरांना वाटलं, आता हा चिडेल, ताट ढकलेल, आणि तसं झालं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं. पण अफताबनं घास ताटात ठेवला आणि हात पुसला.

"शाळेत तुम्हाला बोलता येत नव्हतं, ते मला समजतं आबा," तो म्हणाला. "मी पण कंपनीत किती गोष्टी गिळतो. पण मी घरी येऊन रडायचो. आईला ठाऊक हाय. मी विचारायचो, आपले लोक असेच होते का? तुम्ही हितंच बसलेले असायचा, पेपर तपासत. तवा तरी सांगायचं ना. दार लावून सांगायचं. घरात कोण ऐकत होतं?"

 आत सुगराबीच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. शिरीननं आजोबांकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि ती उठून बापाच्या शेजारी उंबऱ्यात जाऊन बसली.