शेवटची चौकट

चित्रपट संपून दिवे लागले तरी इव्हान्थिया कारापिदू खुर्चीतून हलली नाही. सकाळचे अकरा, थेसालोनिकीच्या जुन्या थिएटरात प्रेस शो, मोजून नऊ समीक्षक. बाकीचे आठ जण तोंडाला कुलूप लावून बाहेर पडले, कारण शो संपल्यावर एकमेकांशी बोलायचं नाही हा त्यांच्यातला जुना रिवाज. दुसऱ्याचं मत कानावर पडलं की आपलं मत बिघडतं. पण इव्हान्थिया बसून राहिली ती रिवाजापायी नाही, भीतीपायी. दिग्दर्शक थ्रासोस मेलिदिस बाहेर उभा असेल, ही भीती.

थ्रासोस तिचा तीस वर्षांपासूनचा मित्र. सहा वर्षांपूर्वीपर्यंत, म्हणा. तेव्हा त्याचा चित्रपट आला होता: एका विधवेच्या घरी एक भाडेकरू राहायला येतो. तो भाडेकरू तिचा हरवलेला मुलगा, हे शेवटच्या पाच मिनिटांत कळतं. (आता सांगायला हरकत नाही, तो चित्रपट पाहायला मिळतोच कुठे!) इव्हान्थियाने आपल्या साप्ताहिकातल्या परीक्षणात त्याचं एक अक्षर फोडलं नव्हतं. पण परीक्षणाच्या शेवटी कलाकारांची छोटी चौकट असते ना, तिथे घात झाला. त्या आठवड्यात निर्मात्यांकडून नावांचे कागद आले नव्हते, म्हणून तिने अंधारात श्रेयनामावलीवरून नावं उतरवून घेतली, भूमिकांसकट. आणि भाडेकरू झालेल्या नटाच्या नावापुढे छापून आलं: ‘मुलगा’.

तिला ते दुसऱ्या दिवशी दिसलं, कॉफी पिताना. वेबसाइटवर तिने गुपचूप दुरुस्त केलं. छापलेल्या अंकाचं काय करणार, कपाळ! चित्रपट आठवड्यात उतरला. थ्रासोसचा फोन आला नाही आणि तिने केला नाही. त्याला कळलंय, तो चिडलाय, असं ती धरून चालली. शब्दांवर पोट असलेली बाई, पण एक ‘माफ कर’ म्हणायला तिची जीभ उचलली नाही.

थ्रासोस बाहेर नव्हता. ती घरी आली आणि वही उघडली. अंधारात खरडलेली अक्षरं वेडीवाकडी: ‘३८व्या मिनिटाला घड्याळ पाहिलं. ५२, परत पाहिलं. देस्पोचे हात!!’

या नव्या चित्रपटातही एक गुपित होतं, आणि ते काय हे मी इथेही सांगणार नाही. समुद्राकाठी खानावळ चालवणारी एक बाई, तिच्याकडे आलेला एक पाहुणा जो जातच नाही. एवढंच. इव्हान्थियाचा नियम असा की कथा सांगायची ती पहिल्या पंचवीस मिनिटांची, पुढे एक पाऊल नाही.

अडचण अभिनयाची होती. खानावळवाली झालेल्या देस्पो गावालाने जे काही केलं ते शेवटच्या प्रसंगात, आणि त्याचं नाव काढायची सोय नाही. ‘तिचे अश्रू’ लिहिलं, खोडलं. अश्रू म्हटलं की कुणीतरी मेलं असं लोक धरतात. ‘दुहेरी छटा’ लिहिलं, खोडलं. ‘धक्का’ हा शब्द तर तिने जन्मात वापरला नाही. धक्का आहे म्हटलं की प्रेक्षक पहिल्या मिनिटापासून पोलिसासारखा बसतो. शेवटी तिने सुरुवातीचा प्रसंग उचलला: ‘आठव्या मिनिटाला देस्पो चादरीची घडी घालते. पाहुणा बोलत असतो, ती ऐकत नाही, पण घडी अर्ध्यावर थांबते. नटी किती मोठी आहे, हे त्या थांबण्यात दिसतं.’ शेवट पाहून आलेल्याला त्यातलं सगळं कळेल, न पाहिलेल्याला फक्त चादर दिसेल.

मग गतीचं. पूर्वार्ध रटाळ होता, यात शंका नाही. खोट्या वाटा, उगाचचे संशयित, एक कोळी तर नुसता पाठलाग करून घेण्यासाठी ठेवलेला. मध्यंतराला माणसं घरी जाणार. तिचा हात चार ताऱ्यांकडे वळला. एवढं तरी मी त्याचं देणं लागते, असं तिला वाटलं. आणि लगेच स्वतःचाच राग आला. माझ्या पापाचं प्रायश्चित्त वाचकांनी का करावं? तिने तीन तारे दिले आणि लिहिलं: ‘पूर्वार्ध वीस मिनिटांनी लांबला आहे. दिग्दर्शकाचा आपल्या गोष्टीवर विश्वास नसावा, असं वाटत राहतं. उत्तरार्धात तो विश्वास परत येतो, म्हणून मध्यंतराला उठू नका.’

मजकूर घेऊन ती खालच्या मजल्यावरच्या फोतिनीकाकूंकडे गेली. दर आठवड्याची परीक्षा: मजकूर वाचून दाखवायचा आणि विचारायचं.

“काय होतं शेवटी? ओळखा.”

फोतिनीकाकूंनी वांगी तळता तळता ऐकलं. “पाहुणा चोर असेल.”

“अजून?”

“अगं, मला काय ठाऊक! पण ती चादर मला बघायचीय.”

इव्हान्थियाचा जीव भांड्यात पडला. तिने मजकूर पाठवला. चौकटीत फक्त नावं.

संध्याकाळच्या आत पानाचा संपादक मेनेलाओसचा फोन. “बाई, चौकटीत भूमिका नाहीत. बाकी सगळ्या परीक्षणांत आहेत.”

“नसू देत.”

“पान विचित्र दिसतंय हो.”

“दिसू दे म्हटलं ना! एक अक्षर घातलंस तर याद राख.”

गुरुवारी अंक निघाला, आणि दहा वाजता थ्रासोसचा फोन आला. सहा वर्षांनी. “किनाऱ्यावर ये. नेहमीच्या कॅफेत.”

तो म्हातारा दिसत होता. समोर अंक उघडा, बाजूला तीळ लावलेलं पावाचं कडं न खाता ठेवलेलं.

“वीस मिनिटं,” तो म्हणाला. “बरोबर मोजलीस. मलाही ठाऊक होतं.”

“मग कापली का नाहीस?”

“धीर झाला नाही. मागच्या वेळी मध्यंतराला मी जिन्यात उभा होतो. लोक कॉफी पीत म्हणत होते, तो तिचा मुलगाच आहे. सगळे! मला वाटलं, आपल्याला गोष्ट लपवताच येत नाही. साधी कला, तीही नाही. तुझ्यासमोर यायची लाज वाटली, म्हणून फोन केला नाही. या वेळी म्हटलं, इतकी पुरायची की कुणाला सापडणार नाही.”

इव्हान्थियाने कप बशीवर ठेवला. म्हणजे याला ठाऊकच नाही. सहा वर्षं ती ज्याला राग समजत होती, ती त्याची शरम होती. गप्प बसली असती तर आजही कुणाला कळलं नसतं. तिला तो मोह झाला, खोटं कशाला बोला.

“थ्रासोस, तुला लपवता येतं. त्यांना मी सांगितलं होतं.”

“काय?”

“चौकटीत. नटाच्या नावापुढे ‘मुलगा’ छापलं मी. चुकून. नंतर गप्प बसले, ते मात्र चुकून नाही.”

त्याने अंक ओढून घेतला. बोट परीक्षणावरून खाली सरकत चौकटीवर थांबलं. नुसती नावं.

“ती वीस मिनिटं तुझी आहेत, इव्हान्थिया,” तो हळूच म्हणाला. “आणि माझ्या नावावर छापलीस.”

तिला रडू फुटलं. “पुढच्या गुरुवारी छापते. कबुली, माझ्या नावानिशी. काय चुकलं ते सगळं.”

थ्रासोस उठला. त्याने कोटाची बटणं लावली. “नको.”

“का? लोकांना कळू दे ना!”

“काय चुकलं ते लिहिशील, म्हणजे तो मुलगा आहे हेही लिहिशील,” तो म्हणाला. “एखाद्याने अजून पाहिला नसेल तो चित्रपट.”

आणि अंक तिथेच टाकून तो निघून गेला.