सुपारी फुटण्याआधी

मी एक जुना अडकित्ता आहे. मित्रांनो, हसू नका. पातं गंजलं असलं तरी मला सगळं आठवतं. संगमेश्वरच्या एका लोहाराने मला घडवलं आणि तुलसीरामच्या चंचीत बसून मी जहाजाने मॉरिशसला आलो. सोबत त्याची आईविना वाढलेली मुलगी चंपा होती. फ्लाकच्या उसाच्या मळ्यात दोघं राबू लागली.

वस्तीत माझा मान मोठा होता. लग्न ठरलं की मुलीच्या बापाने चारचौघांत सुपारी फोडायची. ती फुटली की शब्द मागे घेता येत नसे, म्हणून देण्याघेण्याचं बोलणं आधी होई. बेटावर बायका थोड्या, त्यामुळे नवराच मुलीच्या बापाला देज देई. एवढी लग्नं माझ्या हातून जमली की मी अगदी फुगून गेलो होतो.

चंपाला मागणी घालायला जयराम आला. तोही त्याच मळ्यातला मजूर. चंपाचा त्याच्यावर जीव होता. तुलसीरामने दीडशे रुपये देज आणि सगळ्या वस्तीला दोन दिवस जेवण मागितलं. सुपारी माझ्या पात्याखाली धरलेली होती.

जयरामने हात जोडले. "मामा, सुपारी फुटायच्या आदी बोलतो, राग मानू नका. पगार म्हयन्याला पाच रुपये. एक दिस खाडा झाला तर दोन दिसांचे कापत्यात. तीन वर्सांत साठ जमले. चाळीस तुमचं. विसात चंपाला लुगडं, चांदीचे गोट आन वस्तीला एक येळचं डाळभात. कर्ज काडनार नाय. ते फेडायला आमा दोगांना आनखी पाच वर्सं मळ्याच्या करारात बांधून घ्यावं लागंल."

"मला गावी जायचंय रे," तुलसीराम म्हणाला. "परतीचं भाडं आता सरकार देत नाय. चाळिसात मी कसा जानार?"

"दर साली दहा देत जाईन. पन आज व्हय म्हनून उद्या फसवनार नाय."

तुलसीरामने सुपारी अख्खीच बाहेर काढली. जयरामने त्याच्या पायांना हात लावला आणि तो निघून गेला.

आठ दिवसांनी मळ्यावर मजुरांकडून काम करवून घेणाऱ्या म्हाताऱ्या सरदाराने स्वतःसाठी चंपाला मागणी घातली आणि चटईवर दीडशे रुपये ठेवले. तेव्हा चंपा दारातून म्हणाली, "बाबा, तुमी गेल्यावर माजं म्हायेर कुठं?"

तुलसीराम खाली मान घालून रडत होता. रडतच त्याने मला दाबलं. मला थांबता आलं नाही, मित्रांनो.

लग्नानंतर मला चंपाला देऊन तो गावी जायच्या जहाजावर चढला. तिने मला पत्र्याच्या पेटीत टाकलं, ती पेटी पुन्हा कधी उघडली नाही. पेटीच्या फटीतून मला दिसे, सणाला शेजारच्या मुली माहेरी बापाच्या खोलीवर जात. चंपा दिवसभर दारात बसे आणि अंधार पडला की आत येऊन भांडी घासे.

आता तुम्ही मला पेटीतून काढलंत, पण तेल लावू नका, घासू नका, मी असाच गंजेन. फक्त तुमच्या घरी असं बोलणं निघालं, तर जिचं लग्न आहे तिला आधी विचारा. चंपाला कोणी विचारलं नाही, तिनेच विचारलं होतं. तिला उत्तर मिळण्याआधी मी सुपारी फोडली.