हुंबाच्या पाड्याचं नाव

शहापुरातल्या सरकारी रुग्णालयात पत्रकारांशी बोलायचं काम डॉ. माधुरी विशे यांच्या गळ्यात पडलं होतं. त्यांनी ते मागितलं नव्हतं. चार माणसांसमोर त्या अडखळत नाहीत, एवढंच कारण होतं. एरवी रक्तदान शिबिराची नाहीतर लसीकरणाची तारीख सांगितली की काम संपायचं.

मे महिन्यातल्या त्या मंगळवारी मात्र वॉर्डात पाय ठेवायला जागा नव्हती. डोळखांबच्या बाजूच्या हुंबाच्या पाड्यावरून पहाटेपासून माणसं येत होती. एकसारखे पातळ जुलाब, उलट्या, खोल गेलेले डोळे. व्हरांड्यात खाटा टाकून सलाईन लावल्या होत्या. रविवारी पाड्यावर एका लग्नाची हळद होती आणि आजारी पडलेले जवळजवळ सगळे त्या हळदीला गेलेले होते. जुलाबाचे आणि विहिरीच्या पाण्याचे नमुने तपासणीला गेले होते, पण अहवाल यायला दोन-तीन दिवस लागणार होते.

फोनवरच्या गप्पांना तेवढा धीर नव्हता. ‘नवीन रोग आलाय, सरकारी दवाखान्यात नेलं की माणूस परत येत नाही,’ असा कुणाच्या तरी आवाजातला संदेश दुपारपर्यंत शहापूर-मुरबाडभर फिरला. एका घरच्यांनी तर आपल्या म्हाताऱ्याची सलाईन काढून त्याला रिक्षात बसवलं. त्यांना समजावून परत आणताना माधुरीताईंची दमछाक झाली.

अधीक्षक डॉ. धनेश पष्टे यांनी निवेदन लिहून तयार ठेवलं होतं. ते म्हणाले, “हे वाचून दाखवा. छोटं आहे.”

‘तालुक्याच्या काही भागांत पोटाच्या किरकोळ तक्रारी आढळल्या आहेत. परिस्थिती नियंत्रणात आहे. नागरिकांनी घाबरू नये.’

माधुरीताईंनी कागद दोनदा वाचला. “सर, नवरी मुरबाडकडच्या म्हसा गावची आहे. तिकडून टेम्पो भरून पाहुणे आले होते. त्यांच्यातल्या कुणाला आज जुलाब लागले असतील, तर हे ऐकून तो काय करेल?”

“काय करेल?”

“काहीच करणार नाही. त्याला वाटेल, हे दुसऱ्या कुणाबद्दल आहे.”

पष्टे खुर्चीत मागे टेकले. “पाड्याचं नाव घ्या म्हणता? मागे मी दुसऱ्या तालुक्यात होतो, तिथे एका वाडीचं नाव पेपरात आलं. वर्षभर त्यांची भाजी कुणी घेतली नाही. जीपवाले त्यांना बसवून घेईनात. ते मी डोळ्यांनी बघितलंय, मॅडम.”

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. माधुरीताईंनी कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, “मी पाड्यावरच्या माणसांशी बोलून येते.”

नवरदेवाची आई बाईजा व्हरांड्यातल्या तिसऱ्या खाटेवर होती. दोन बाटल्या सलाईन गेल्यावर तिला आता बोलता येत होतं. नवरदेव मुलगा प्रज्वल उशाशी बसून तिला ओआरएसचं पाणी घोट-घोट पाजत होता.

“मावशी, मला तुमच्या पाड्याचं नाव सांगायचंय. हळदीचंही. तुमच्या घरातल्या कुणाचं नाव घेणार नाही. पण पाड्याचं घेतलं नाही, तर पाहुण्यांना कळणार नाही.”

बाईजाने तोंड भिंतीकडे वळवलं. “लोका बोलतील, बाईजाच्या घरी जेवून मानसा आजारी पडली. नवी सून आलीय गो माझी.”

“जेवणानं झालं असं मी म्हणणार नाही. आमचा संशय विहिरीच्या पाण्यावर आहे. पण जेवणानं झालं नाही, असंही आज म्हणता येणार नाही. नक्की कळलेलं नाही.”

“मंग तसाच सांगशील? कळला नाय म्हनून?”

“तसंच सांगेन.”

प्रज्वल म्हणाला, “आये, तुझ्या सुनंची, समीक्षाची बहीण पन व्हती हळदीला. सोनाली. सातवा महिना हाय तिला.”

बाईजाने पटकन मान वळवली. “घे बाय, नाव घे,” ती म्हणाली. “लवकर घे.”

माधुरीताईंनी निवेदन पुन्हा लिहिलं. ‘कॉलरा’ शब्दावर पष्टेंचं पेन थांबलं. “अहवाल आलेला नाही. हा शब्द कशाला?”

“कारण पहिला प्रश्न तोच येणार. आज टाळला आणि शुक्रवारी अहवालात निघाला, तर आपल्या पुढच्या एकाही शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नाही.”

पष्टेंनी कागद जिल्ह्याच्या साहेबांना पाठवला, फोनवर स्वतःच बाजू मांडली आणि एकच सुधारणा करून परत दिला: ‘उपचार मोफत’ हे शब्द त्यांनी वर घेतले होते.

संध्याकाळी पायऱ्यांवर माधुरीताई उभ्या राहिल्या. समोर पाच-सहा मोबाईल होते. त्या सावकाश बोलल्या.

“आज आमच्याकडे जुलाब-उलट्यांचे एकोणतीस रुग्ण दाखल आहेत. दोघांची प्रकृती गंभीर आहे, बाकीचे सुधारत आहेत. एकही मृत्यू झालेला नाही. बहुतेक जण रविवारी हुंबाच्या पाड्यावर हळदीला होते. पाण्यातून हे झालं असावं असा संशय आहे; जेवणातून झालं का, तेही तपासतोय. कॉलरा आहे का, ते अजून माहीत नाही. अहवाल येताच, काहीही निघालं तरी, इथेच सांगू. उपचार मोफत आहेत आणि वेळेत आलेला माणूस बरा होतो. त्या हळदीला गेलेल्या कुणालाही जुलाब होत असतील, तर ओआरएस पीत पीत जवळच्या सरकारी दवाखान्यात लगेच या. पाणी उकळून प्या, हात साबणाने धुवा. पाड्यावरच्या माणसांजवळ बसल्याने किंवा बोलल्याने हा आजार होत नाही.”

“मॅडम, कॉलरा हाय का नाय, एका शब्दात सांगा,” हरेश नावाचा स्थानिक वार्ताहर म्हणाला.

“एका शब्दात येत नाही, हरेशभाऊ. आज माहीत नाही, हेच खरं आहे.”

हरेशने मान डोलावली आणि ते सगळं न कापता आपल्या चॅनेलवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशाकडून एक जीप आली. तिच्यात सोनाली होती. पोटुशी असल्यामुळे पोट बिघडलं असेल, असं समजून ती दोन दिवस अंगावर काढत होती. नवरा सुनिल तिला उचलूनच आत घेऊन आला. “रात्री व्हिडिओ बघला,” तो धापा टाकत म्हणाला, “तेव्हा टूब पेटली.” तिचा रक्तदाब फार खाली गेला होता. दोन्ही हातांना सलाईन लागल्या. दुपारी बाळाचे ठोके नीट ऐकू आले, तेव्हा माधुरीताईंनी दिवसातला पहिला चहा घेतला. मुरबाडच्या बाजूने दिवसभरात आणखी पाच पाहुणे दवाखान्यांत पोचले. सगळे चालत्या-बोलत्या अवस्थेत होते.

शुक्रवारी अहवाल आला. दोन नमुन्यांत कॉलरा होता आणि विहिरीचं पाणी पिण्यालायक नव्हतं. या वेळी पायऱ्यांवर पष्टे स्वतः गेले. “आम्ही मंगळवारी सांगितलं होतं, कळलं की सांगू. तर कॉलरा आहे. उपचार तेच आहेत आणि ते लागू पडताहेत. विहिरीत औषध टाकलंय, पाणी शुद्ध होईपर्यंत पाड्याला टँकरचं पाणी चालू आहे.” कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी सलाईन काढून पळालं नाही. हरेशने टँकर किती वाजता येतो, एवढंच विचारलं.

बाईजा त्याच दिवशी घरी निघाली. न्यायला नवी सून आली होती. म्हशाकडून व्याह्यांनी निरोप पाठवला होता: कुणाला बोल लावायचं काही कारण नाही, मांडवपरतणीला सगळे येऊ. बाईजाने माधुरीताईंचा हात धरला, सोडला आणि पुन्हा धरला. “मना वाटला व्हता, तोंड दाखवायला जागा नाय ऱ्हायची,” ती म्हणाली. “काल टँकरला शेजारच्या वाडीची पोरा घागरी धरायला आली.”

रविवारी माधुरीताई किन्हवलीला आपल्या घरी गेल्या. आई मागल्या दारी भाकऱ्या थापत होती. तिने तो व्हिडिओ शेजारणींना किती वेळा दाखवला होता, कोण जाणे.

“बोललीस चांगली गो,” आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. “पन केस तरी विंचरायचे व्हतेस.”

माधुरीताई खळखळून हसल्या, पाटावर बसल्या आणि त्यांनी गरम भाकरी हातात घेतली.